देईल, देऊ शकेल, देता येईल

'आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारात एके ठिकाणी "विकसक देईल", एके ठिकाणी "देऊ शकेल" आणि एके ठिकाणी "विकसकास देता येईल" असं लिहिलंय. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का?'

नाही. 'देईल' हे बंधन आहे, बाकीच्या दोन्ही मुभा आहेत. बोलताना 'पाऊस येईल' हा अंदाज असतो, पण कायद्याच्या मराठीत साधा भविष्यकाळ हुकमासारखा वापरतात. इंग्रजीतल्या 'शॅल'चं काम तोच करतो. 'मे'साठी आपल्या अधिनियमांत रुळलेली रचना म्हणजे 'राज्य शासनास नियम करता येतील'. यात क्रियापदाइतकंच कर्त्याकडेही बघायला हवं. 'विकसक देईल', पण 'विकसकास देता येईल'. 'देता येईल' या रचनेत कर्त्याला '-स' लागतो.

हा '-स' किती कामाचा आहे ते एका गोष्टीतून सांगतो. गोष्टीतली माणसं कल्पनेतली आहेत, पण मजकूर ताडून बघायची पद्धत खरी आहे.

कोथरूडमधली एक जुनी सोसायटी. विकसन करारनामा मराठीत, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणीही त्याचीच व्हायची. दोन सभासद अमेरिकेत असल्यामुळे इंग्रजी भाषांतर आधीच करून घेतलं होतं, ते दुसऱ्या एका भाषांतरकाराचं. शेवटच्या पानावर नेहमीचं कलम होतं: दोन्ही मजकुरांत तफावत आढळल्यास मराठी मजकूर प्रमाण मानला जाईल. नोंदणीच्या आदल्या दिवशी सोसायटीचे चिटणीस दोन्ही गठ्ठे घेऊन एका अनुवादिकेकडे आले. इंग्रजी मजकूर मराठीबरहुकूम आहे, एवढा दाखला तिच्या सहीचा हवा होता.

असं काम करणारी माणसं दोन्ही मजकूर सलग वाचत नाहीत. सलग वाचलं की अर्थ लागत जातो आणि अर्थ लागला की डोळा घसरतो. तिने पहिल्या फेरीत फक्त आकडे पाहिले: रकमा, तारखा, चटई क्षेत्र, अंकी आणि अक्षरी. दुसऱ्या फेरीत नकार आणि 'परंतु'ने सुरू होणारी परंतुकं. तिसऱ्या फेरीत नुसती क्रियापदं. बंधनाखाली लाल रेघ, मुभेखाली हिरवी. कलम 14 पाशी मराठीत हिरवी रेघ पडली आणि इंग्रजीत लाल.

मराठी वाक्य असं होतं: 'विकसक, 30 महिन्यांत ताबा न दिल्यास, त्यापुढील काळासाठी प्रत्येक सभासदास पर्यायी जागेचे भाडे प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत दरमहा आगाऊ देऊ शकेल.' इंग्रजीत मात्र 'शॅल'.

पहिला संशय साहजिकच आधीच्या भाषांतरकारावर. म्हणून तिने त्याची सवय तपासली. बाकी सगळ्या करारात त्याने '-ईल'साठी 'शॅल' आणि 'करता येईल'साठी 'मे' लिहिलं होतं, एकदाही न चुकता. एवढा काटेकोर माणूस नेमका इथेच चुकेल? मग तिने मराठी मजकूर चाळला. 'विकसकास करता येईल', 'संस्थेस मागता येईल', 'सभासदास निवडता येईल' असं सगळीकडे होतं. 'शकेल' हे रूप अख्ख्या करारात या एकाच वाक्यात. मसुदा लिहिणारे वकील 'शकेल' लिहीतच नव्हते.

म्हणजे इथे दुसरा हात फिरला होता. आणि त्या हाताला 'शकेल'च का सुचलं, तेही व्याकरणातच दिसतं. मूळ वाक्य 'विकसक … देईल' असणार. त्याचं 'देता येईल' करायचं तर दोन ओळी मागे जाऊन 'विकसक'चं 'विकसकास' करावं लागतं. 'देऊ शकेल'ला कर्ता आहे तसा चालतो. वाक्याचं शेपूट तेवढं बदललं की झालं. बाकीचं वाक्यही नव्या शेपटाशी पटत नव्हतं. जे द्यायचं की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, ते 'दरमहा आगाऊ' आणि 'ताबा देईपर्यंत' कोण कशाला बांधून घेईल?

तिने चिटणिसांना फोन केला.

'काका, मराठीचा आधीचा मसुदा आहे का तुमच्याकडे? ज्याच्यावरून भाषांतर झालं तो?'

'असेल, शोधायला लागेल. पण ताई, तुम्ही इंग्रजीत तेवढं दुरुस्त करून टाका ना. उद्या अकराची वेळ घेतलीय.'

'मी इंग्रजी दुरुस्त केलं तर दोन्ही मजकूर जुळतील, काका. मग हे कुणालाच दिसणार नाही.'

माझ्या मते या गोष्टीतलं तिचं खरं काम हेच. तिच्याकडून फक्त जुळणी मागितली होती, आणि जुळणी करणं एका शब्दाचं काम होतं. तिने दाखल्यावर सही केली नाही. वेगळ्या कागदावर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली, खाली 'तफावत' एवढंच लिहिलं. चूक कुणाची, हेतू काय, यावर अक्षर नाही. ते वकिलांनी बघायचं.

काकांना जुना मसुदा सापडला. सर्वसाधारण सभेत वाचला गेलेला, पानापानावर कमिटीच्या सह्या असलेला. त्यात 'देईल' होतं. भाडं महिना 25,000 धरलं, तर वर्षभर रखडलेल्या ताब्याचे एका घरामागे 3 लाख रुपये या एका क्रियापदावर टांगलेले होते. विकसकाच्या कार्यालयाने टंकनदोष म्हणून सांगितलं. 'देईल'चं 'देऊ शकेल' व्हायला बोट किती घसरावं लागतं, असं काकांनी विचारलं म्हणे. अकराची वेळ हुकली, पान बदललं, नोंदणी नंतर झाली. नोंदणी आधी झाली असती तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागलं असतं. त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात, आणि ज्याला चूक फायद्याची तो सही करायला सहसा धावत येत नाही.

अशा फरकावरून लढाईही झालेली आहे. 1889 साली इथिओपियाचा मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचालेचा तह झाला. परराष्ट्रांशी व्यवहार करताना इटलीची मदत घेण्याची मुभा सम्राटाला आहे, असा त्याच्या सतराव्या कलमाचा अम्हारिक भाषेतला अर्थ. इटालियन मजकुराचा अर्थ इटलीने लावला तो असा, की सम्राटाने इटलीमार्फतच व्यवहार करायचं मान्य केलंय. त्या जोरावर इटलीने इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली असल्याचं जाहीर केलं. मेनेलिकने 1893 मध्ये तह झुगारला आणि 1896 मध्ये अडवाच्या लढाईत इटलीचा पराभव झाला.

आता तुमच्या 'देऊ शकेल' आणि 'देता येईल'कडे. होकारात दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. नकारात मात्र जपून. 'विकसकास काम थांबवता येणार नाही' ही कायद्यातली सरळ मनाई आहे. 'विकसक काम थांबवू शकणार नाही' यातही मनाई वाचता येते, पण 'त्याला ते जमणार नाही' असाही वास येतो, कारण 'शकणे' हे मुळात कुवतीचं क्रियापद आहे.

एकाच करारात दोन्ही रूपं आली म्हणजे कुणी लबाडी केली असं नव्हे. बहुतेक वेळा दोन वकिलांच्या मसुद्यांतली कलमं एकत्र चिकटवलेली असतात. 'शकेल' असलेली कलमं करारात विखुरलेली असतील तर तसंच समजा. ते एखाद्याच कलमात असेल, आणि ते कलम पैशाचं किंवा मुदतीचं असेल, तर सभेत मंजूर झालेला मसुदा काढून तेवढं वाक्य त्याच्याशी ताडून बघा. तुमचं 'देऊ शकेल' कोणत्या कलमात आहे ते कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.