इडली, लोणचं आणि पोट साफ होण्याचा प्रश्न

सासरे ६८ वर्षांचे आहेत. आंबवलेलं पोटाला चांगलं म्हणून महिनाभर रोज नाश्त्याला चार इडल्या देते. तरी शौचाला खडाच होतो. असं का?

पीठ आंबतं ते जिवाणूंमुळे, पण इडली दहा-बारा मिनिटं वाफेवर शिजते तेव्हा ते मरतात. डोशाचंही तेच. आंबवण्याचा फायदा उरतो तो वेगळा: डाळीतले वायू करणारे घटक कमी होतात आणि इडली पचायला हलकी होते. मात्र शौचाला जोर देतो तो चोथा. दिवसाला तो साधारण ३० ग्रॅम लागतो आणि पांढऱ्या तांदळाच्या चार इडल्यांत जेमतेम ३-४ ग्रॅम असतो. तुम्ही बहुधा पोह्यांऐवजी किंवा भाकरीऐवजी इडली सुरू केली असेल. भाकरी सुटली असेल तर चोथा उलट घटला.

इडली बंद करू नका, तिची घडण बदला. तीन वाट्या तांदूळ घेत असाल तर दीड वाटी तांदूळ, दीड वाटी नाचणी घ्या. एक वाटी उडीद डाळ सालासकट घ्या, सालाच्या उडदात चोथा जवळपास दुपटीने असतो. रंग काळपट येईल, चव बिघडत नाही. सोबत नुसती चटणी नको, दुधी, शेवगा, गाजर घातलेलं वाटीभर सांबार द्या. संध्याकाळी एक पेरू. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगतं, म्हणून आठवड्या-आठवड्याने वाढवा आणि पाणी कमी पडू देऊ नका.

त्यांना लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का, तेही पाहा. त्यांनीही मलावरोध होतो. शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा ही सवय अलीकडेच बदलली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

घरचं कैरीचं लोणचं रोज खाल्लं तर जिवंत जिवाणू मिळतात ना?

आपल्या कैरीच्या लोणच्यात फारसे नाही. ते टिकतं मीठ, आंबटपणा, मोहरी आणि तेलावर. खरं आंबवलेलं लोणचं हवं असेल तर गाजर-मुळ्याचे तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा: १ लिटर पाण्याला २५ ग्रॅम मीठ, तेल-व्हिनेगर नको. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत पाणी गढुळतं, बुडबुडे येतात, आंबूस वास येतो, मग फ्रीजमध्ये ठेवा. केसाळ बुरशी किंवा कुजका वास आला तर टाकून द्या.

याने काहींचं पोट थोडं सुधारतं, काहींचं नाही. भरवसा ठेवण्याइतका पुरावा नाही, शिवाय यातही मीठ आहेच. दिवसभरात सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. रक्तदाब असेल तर ताजं, बिनमिठाचं ताक बरं.

पीठ जास्त दिवस आंबवलं तर गुण वाढतो का?

नाही, नुसतं आंबट होतं. गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तर सगळं पीठ फेका.