कृषी सल्ला : नेट झिरो आणि उत्सर्जन कमी करणे

प्रश्न (एक ऊस उत्पादक शेतकरी, ता. कराड, जि. सातारा) : साहेब, गावात एका कंपनीचा माणूस आला होता. तो म्हणतो, बांधावर शंभर झाडं लावा, शेत नेट झिरो होईल आणि कार्बनचे पैसेही मिळतील. मग युरिया कमी करा, असं तुम्ही का सांगता? दोन्ही एकच ना?

उत्तर : दोन्ही एक नाही. शेततळ्यात पडणारे पाणी कमी केले, तरी पाणी पडत असेपर्यंत पातळी वाढतच राहते; फक्त सावकाश वाढते. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे तसेच आहे, कारण तो शेकडो वर्षे टिकून साठत जातो. उत्सर्जन कमी करणे म्हणजे ही धार बारीक करणे. जेवढे पडते तेवढेच दुसरीकडून काढून घेतले की पातळी स्थिरावते, आणि त्याच अवस्थेला निव्वळ शून्य, म्हणजे नेट झिरो, म्हणतात. भारताने 2021 मध्ये ग्लासगो परिषदेत 2070 साठी जाहीर केलेले उद्दिष्ट हेच आहे. यात उत्सर्जन शून्य होणे अपेक्षित नाही, मात्र जे उरेल ते शोषून घेणारी व्यवस्था तेवढीच मोठी आणि टिकाऊ असावी लागते.

आता एक एकर ऊस आणि एक संकरित गाय असा हिशेब मांडून पाहू. एकरी 100 किलो नत्र म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या जवळपास पाच गोण्या होतात. एका गोणीत सुमारे 21 किलो नत्र असते आणि त्यातील साधारण एक टक्का नत्र जमिनीतून नायट्रस ऑक्साइड वायूच्या रूपाने उडून जाते. हा वायू वजनाला अल्प असला, तरी उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट प्रभावी आहे. शिवाय युरिया विरघळून फुटताना त्यातील कार्बनही हवेत जातो. दोन्ही मिळून एका गोणीमागे सुमारे 120 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, म्हणजे पाच गोण्यांचा 600 किलो. गाय रवंथ करताना वर्षाला अंदाजे 60 किलो मिथेन सोडते असे धरले, तर हा वायूही कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट प्रभावी असल्याने तो भार सुमारे 1,600 किलो होतो. एकूण 2,200 किलो झाले. जमीन, ओल आणि चाऱ्यानुसार हे आकडे कमीजास्त होतात. पंपाची वीज, ट्रॅक्टरचे डिझेल आणि युरिया तयार होताना कारखान्यात झालेले उत्सर्जन यात मी धरलेले नाही.

दुसऱ्या बाजूला झाडे ठेवू. वाळलेल्या लाकडाचे निम्मे वजन कार्बनचे असते, म्हणून एक किलो वाळके लाकूड तयार होताना सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो. चांगले वाढते झाड वर्षाला दहा किलो लाकूड धरत असेल, तर शंभर झाडांचे 1,800 किलो होतात. म्हणजे पंप आणि ट्रॅक्टर सोडूनही 400 किलोंची तूट राहते. रोपे लहान असताना तर ती याच्या पासंगालाही पुरत नाहीत, आणि पूर्ण वाढलेल्या झाडांची नवी भरही मंदावते. ती झाडे पुढे तोडून सरपणाला लावली, तर साठलेला कार्बन परत हवेत जातो आणि जमेची बाजू पुसली जाते.

माती परीक्षणानुसार एक गोणी कमी लागली, तर मात्र 120 किलोंचा भार पडण्याआधीच वाचतो. तेवढे शोषायला सुमारे सात झाडे वर्षभर वाढावी लागली असती. वाचलेले हे उत्सर्जन वणव्याने किंवा तोडीने परत येत नाही. म्हणूनच मी आधी युरिया सांगतो आणि मग झाडे. खत वर फेकून पाणी सोडण्याऐवजी ते पहारीने उसाच्या बुडाजवळ खड्ड्यात टाकून मातीने झाकावे. उघड्यावर पडलेल्या युरियातून अमोनियाचा उग्र वास येतो, आणि तो वास आला की नत्र उडत आहे, असे समजावे.

कार्बनच्या पैशांबाबत एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. तुम्ही क्रेडिट, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचा दाखला, विकले की तो कार्बन खरेदी करणाऱ्याच्या हिशेबात जमा होतो. तोच कार्बन तुमच्या शेताच्या नेट झिरोसाठी पुन्हा धरता येत नाही. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्या : बांधावरची जुनी झाडे धरली आहेत की फक्त नवी, झाडे किती वर्षे तोडता येणार नाहीत, आणि ती वाळली किंवा जळाली तर भरपाई कोणी करायची. माती परीक्षणाचा अहवाल आणि कराराची प्रत घेऊन आलात, तर दोन्ही कागद समोर ठेवून तुमच्या एकराचा हिशेब करून देईन.