दोन मजले चढवायच्या आधी पाया उघडून बघा

दादा, कॉलम जाड दिसतात म्हणून पाया पण दणकट असेल असं धरून चालू नका. आपल्या नाशकात वर काळी माती आणि खाली मुरूम, आणि जुन्या घराचा पाया नेमका कशावर टेकलाय हे खणल्याशिवाय कळतच नाही.

आधी एका मधल्या आणि एका कोपऱ्यातल्या कॉलमशेजारी खड्डा घ्या, एका वेळी एकच, फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या पायाच्या, तळापर्यंतच, तळाखालचं अजिबात पोखरू नका, आणि पावसाळ्यात तर नकोच. फुटिंगची लांबी, रुंदी, जाडी मोजा आणि तळाशी काळी चिकट माती आहे का पिवळा टणक मुरूम ते बघा. तिथलाच नमुना लॅबला देऊन मातीची भारक्षमता काढून घ्या.

आता ढोबळ हिशोब. मधल्या कॉलमवर १२ चौ.मी. स्लॅब येत असेल तर भिंतींसकट एका मजल्याचे साधारण १५ टन होतात. आज एकच स्लॅब आहे, अजून दोन म्हणजे ४५ टन. फुटिंग १.२ बाय १.२ मीटर असेल तर मातीवर आत्ता चौ.मी.ला १० टन येतात, ते ३१ होणार. काळ्या मातीला हे झेपणारच नाही, चांगल्या मुरुमात कदाचित चालेल, पण ते रिपोर्टवरूनच ठरवा.

माती पास झाली तरी फुटिंगची जाडी कमी असेल तर कॉलम त्यातून आरपार घुसू शकतो, म्हणून काँक्रीटमधून कापून काढलेल्या नमुन्याची, म्हणजे कोअरची, आणि सळ्यांची तपासणी पण लागतेच, भूकंपाचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, ठेकेदाराच्या तोंडी "होऊन जाईल"वर जाऊ नका.