पूर्व बर्लिनच्या नाक्यावरचा प्रसंग: बंदुकीपेक्षा दहा मार्कांची नोट

प्रश्न: दीर्घकथा लिहितेय. नायिका वसुधा मुंबईची, १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये शिकतेय. एक दिवस पूर्व बर्लिनला जाऊन रात्री परत येताना नाक्यावर तिची तपासणी होते. बंदुका, कुत्रे, दरडावणारा अधिकारी, सगळं घातलं तरी प्रसंगात ताण येत नाही. काय करू?

बंदुका आणि कुत्रे काढून टाका. वसुधाच्या कागदांत किंवा सामानात एकच खोट ठेवा आणि ती वाचकाला अधिकाऱ्याच्या आधी कळू द्या. मग अधिकाऱ्याला त्याचं रोजचं काम करू द्या. दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा मी दादरला बसून वर्षानुवर्षं वाचतो. नाक्याचे प्रसंग त्यात बरेच असतात, आणि बहुतेक पडतात ते लेखकाला तपासणीचा क्रम माहीत नसल्यामुळे. ताण त्या क्रमातच असतो.

तुमची जागा फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशन. परदेशी माणूस तिथून ये-जा करू शकत असे. आत जाताना रोजचे २५ पश्चिमी मार्क बदलून तितकेच पूर्वेचे मार्क घ्यावे लागत. १९८० च्या ऑक्टोबरपासून ही सक्ती होती. एका दिवसाचा व्हिसा रात्री बारापर्यंत. आणि पूर्वेचे मार्क देशाबाहेर न्यायला बंदी. या तीन नियमांवर तुमचा प्रसंग उभा राहतो, चौथ्याची गरज नाही.

आता खोट कोणती? वसुधाने दिवसभरात पुस्तकं घेतली, जेवली, तरी दहा मार्कांची एक नोट उरली. तपकिरी नोट, वर क्लारा झेटकिनचा चेहरा. निरोप घेताना तिच्या पूर्वेकडच्या मित्राने, हाताशी कागद नव्हता म्हणून, त्याच नोटेच्या कडेला पेन्सिलीने आपला पत्ता लिहून दिला. नुसती नोट असती तर ती काढून दिली असती आणि विषय संपला असता. पत्त्यामुळे ती देता येत नाही. सापडली तर वसुधाची चौकशी होईल, पण ती परदेशी, आज ना उद्या सुटेल. खरा त्रास होईल तो मित्राला, जो तिथेच राहणार आहे. स्वतःच्या जिवाची भीती दोन पानांत शिळी होते. आपल्यामुळे दुसरा माणूस अडकेल ही भीती शेवटपर्यंत टिकते. म्हणून नोटेची ओळख वाचकाला स्टेशनच्या दारातच करून द्या, लपवून ठेवून नंतर धक्का देऊ नका.

परतीचं सभागृह स्टेशनाला लागून, १९६२ साली बांधलेलं, काचेच्या भिंतींचं. निरोप दारातच घ्यावा लागे, म्हणून लोकांनी त्याला अश्रूंचा महाल असं नाव दिलं. आत आधी कस्टमचं टेबल, मग पासपोर्टची केबिन. हा क्रम तुमच्या फार उपयोगाचा आहे. टेबलावर विचारतात, "पूर्वेचे मार्क आहेत?" ती म्हणते, "नाहीत." पिशवी वरवर चाळून तिला पुढे सोडतात. खोटं बोलून झालं आहे, ते आता मागे घेता येत नाही, आणि ते घेऊनच तिला केबिनमध्ये शिरायचं आहे. नवशिका लेखक हा प्रश्न शेवटी ठेवतो. तुम्ही तो पहिल्यांदा विचारून मोकळ्या व्हा.

केबिनवर मात्र वेळ घालवा. ती अरुंद बोळासारखी, एका वेळी एकच माणूस. अधिकारी काचेआड उंचावर बसलेला, त्यामुळे वसुधाला मान वर करावी लागते. तिच्या मागे वरच्या बाजूला तिरका आरसा आहे. त्यात त्याला तिची पाठ आणि मागे धरलेले हात दिसतात, आणि हे तिला आरशाकडे नजर गेल्यावरच कळतं. पुढचं दार तो बटण दाबेल तेव्हाच उघडतं. अंगावर सीमादलाचा गणवेश असला तरी पासपोर्ट तपासणारी ही माणसं श्टाझीची, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांची होती. वसुधाला हे माहीत असायची गरज नाही, तुम्हाला हवी. कारण असा माणूस ओरडत नाही. त्याला घाई नाही आणि तिच्याशी काही वैरही नाही.

तो काय पाहतो? त्या काळातला आपला पासपोर्ट हाताने भरलेला, चिकटवलेला फोटो, उंची आणि ओळखीची खूण लिहिलेली. फोटोत वसुधाचे केस कानांवर आलेले आहेत. हे तपासनीस चेहऱ्याइतकेच कान बघत, कारण केस आणि वजन बदलतं, कानाचा आकार बदलत नाही. "कान दाखवा," तो म्हणतो. ती केस मागे घेते. फोटोत कान नाहीच, म्हणून तो लिहिलेल्या खुणेकडे वळतो: डाव्या भुवईवर तीळ. तीळ आहे. पण तेवढ्यात अर्धा मिनिट गेला, केस धरलेला हात वरच राहिला, आणि नोट त्याच बाजूच्या कोटाच्या खिशात आहे. इथे छातीतली धडधड आणि कपाळावरचा घाम लिहू नका. हात खाली घ्यायचा की नाही, एवढंच लिहा.

संवाद असे ठेवा:

"जन्मतारीख?"
तिने सांगितली.
"दिवसभर कुठे होता?"
"संग्रहालयात. मग पुस्तकांच्या दुकानात, अलेक्झांडरप्लाट्झला, मग जेवले, जेवण छान होतं, सगळे पैसे तिथेच संपले."
त्याने पान उलटलं.

पैशांबद्दल त्याने विचारलंच नव्हतं. तोंडी परीक्षेत घाबरलेला मुलगा न विचारलेलं उत्तर देऊन बसतो, तसं हे आहे, आणि माणूस घाबरलेला आहे हे सांगायला एवढं पुरतं. वाचकाला ते ऐकू आलं. अधिकाऱ्याला आलं का, हे सांगू नका. त्याला फोन उचलू द्या, दोन शब्द बोलू द्या. बोलणं तिला ऐकू येत नाही. घड्याळात साडेअकरा वाजून गेलेत. बारानंतर व्हिसा संपला की ती खरंच कायदा मोडणारी ठरेल, आणि तेही ती नुसती उभी असल्यामुळे.

सुटका कशी करायची? कुणी ओळखीचा निघाला, दिवे गेले, मागे गोंधळ झाला, यातलं काही नको. शिक्का मारून पासपोर्ट परत येऊ द्या, बटणाचा आवाज होऊ द्या, दार उघडू द्या. त्याने कुणाला फोन केला होता ते कथेत कधीच उलगडू नका. दारापलीकडेही ती पश्चिमेत पोचलेली नसते. बोगद्यातून जिने चढून त्याच स्टेशनाच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर यायचं असतं, आणि तो फलाटही पूर्वेच्याच हद्दीत, पहाऱ्यात. तेव्हा गाडी सुटेपर्यंत तिला नोट खिशातून काढू देऊ नका.

नंतरच्या प्रकरणासाठी एक: पश्चिमेतून गेलेली टपाल श्टाझी मोठ्या प्रमाणावर उघडून वाचत असे. म्हणजे वाचवलेल्या पत्त्यावर पत्र पाठवायचं की नाही, हा पेच तुमच्या हातात आहेच. ते सभागृह २०११ पासून संग्रहालय आहे आणि मूळ केबिन आत ठेवलेली आहे. तिचे फोटो समोर ठेवून अधिकाऱ्याची उंची, आरसा आणि दार यांच्या जागा कागदावर आखून घ्या, मगच पुन्हा लिहायला बसा.