नकाराच्या पत्रातील ‘नक्की’

मुलाखत झालेल्या उमेदवाराला नकार कसा कळवावा, याविषयी या स्तंभात पूर्वीही लिहिले आहे. तरीही पत्रे येतच राहतात आणि बहुतेकांत घोळ तोच असतो: नकार सौम्य करायचा म्हणजे त्यात थोडी आशा मिसळायची, असा समज. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. ज्यांनी केवळ अर्ज केला आणि ज्यांना मुलाखतीस बोलावलेच नाही, त्यांचा विषय वेगळा आहे व तो येथे घेतलेला नाही.

फोन आला नाही की उमेदवाराला आपोआप समजतंच. मग वेगळं कळवायलाच हवं का?

होय. ज्याने रजा टाकून तुमच्यासमोर तासभर बसून उत्तरे दिली, त्याला उत्तर मिळालेच पाहिजे.

पत्र किती मोठं असावं?

सहा-सात वाक्ये पुरतात, आणि ‘निवड झालेली नाही’ हे दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ नये.

‘भविष्यात योग्य संधी आली की नक्की संपर्क साधू’ असं लिहिलं तर समोरच्याला जरा बरं वाटतं. त्यात काय बिघडतं? सोबत आमचा मसुदा पाठवत आहे.

या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षे वाद घालत आलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आपला मसुदा असा आहे: ‘आपल्याला भेटून अतिशय आनंद झाला. आपली गुणवत्ता खरोखरच प्रभावी आहे. निवड करणे आम्हाला अत्यंत अवघड गेले. दुर्दैवाने या वेळी आम्ही पुढे जाऊ शकत नाही. परंतु आपली माहिती आमच्याकडे जतन केली असून योग्य संधी येताच आम्ही नक्की संपर्क साधू. प्रयत्न करत राहा, यश आपलेच आहे.’

उमेदवार हे कसे वाचतो ते पाहा. पहिली तीन वाक्ये वाचताना त्याला वाटते की निवड झाली. चौथ्या वाक्यात नकार येतो, पण तोही ‘या वेळी’ असा. त्यानंतर लगेच ‘नक्की’ येते आणि संपूर्ण पत्रातून त्याच्या लक्षात राहतो तो हाच एक शब्द. लिहिणाऱ्याच्या लेखी ती निरोपाची रीत असते, तर वाचणाऱ्याच्या लेखी तो शब्द दिलेला असतो. शिवाय गुणवत्ता ‘खरोखरच प्रभावी’ असेल तर निवड का झाली नाही, हा प्रश्न पत्रानेच उभा केला आहे आणि त्याचे उत्तर पत्रात कुठेही नाही.

मी स्वतः भरतीचे काम पाहत असताना असे पत्र एका उमेदवार बाईंना पाठवले होते. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. दुसऱ्या एका ठिकाणाहून आलेला प्रस्ताव त्यांनी आठ दिवस रोखून धरला होता आणि आमच्याकडील ‘योग्य संधी’ साधारण कधी येईल, एवढेच त्यांना विचारायचे होते. आमच्याकडे कोणतीही संधी नव्हती. जुने अर्ज ज्या फाईलमध्ये जात, ती फाईल कोणी उघडत नसे, आणि हे मला पत्र लिहितानाही ठाऊक होते.

तेव्हापासून मी प्रत्येक आश्वासनाला एकच प्रश्न विचारतो: हे काम कोण करणार आणि कोणत्या दिवशी करणार? नवे पद निघेल तेव्हा जुनी यादी काढून त्यातील व्यक्तीला फोन करणे ही जर आपल्या कार्यालयात एखाद्या ठरावीक माणसाची जबाबदारी असेल, तर ते जरूर लिहावे. मात्र कोणत्या प्रकारचे पद आणि किती महिन्यांपर्यंत, हेही लिहावे. तसे नाव आणि तारीख सांगता येत नसेल, तर वाक्य खोडावे. ‘माहिती जतन केली आहे’ हेही निरुपद्रवी नाही, कारण ज्या कामासाठी वैयक्तिक माहिती घेतली ते संपल्यावर ती किती काळ ठेवता येते यावर अनेक देशांत कायद्याची बंधने आहेत. आपल्याला काय लागू होते ते विधी सल्लागाराला विचारून घ्यावे.

आपल्या चिठ्ठीतून कळते की पद लेखा सहायकाचे होते, उमेदवाराकडून मुलाखतीपूर्वी बँक ताळमेळाचा नमुना करून घेतला होता आणि अर्जाच्या प्रती सहा महिन्यांनी नष्ट करण्याचा नियम आपल्या कार्यालयात आहे. एवढ्या माहितीवर पत्र असे होईल:

‘लेखा सहायक पदासाठी आपण १२ तारखेस मुलाखतीस आलात आणि त्यापूर्वी बँक ताळमेळाचा नमुना करून दिलात, याबद्दल आभार. या पदासाठी आपली निवड झालेली नाही. निवडप्रक्रिया पूर्ण झाली असून हा निर्णय अंतिम आहे. आपल्या कागदपत्रांच्या प्रती सहा महिन्यांनी नष्ट करण्यात येतील. पुढे आमच्याकडील एखाद्या पदाची जाहिरात आपण पाहिलीत, तर नव्याने अर्ज करता येईल. या मुलाखतीमुळे त्यास बाधा येणार नाही. काही विचारायचे असल्यास याच पत्त्यावर मला लिहावे.’ खाली नाव आणि हुद्दा.

यात कौतुक नाही, पण आदर आहे, कारण उमेदवाराने काय केले हे नेमके नोंदवले आहे. ताळमेळाचा उल्लेख त्याच्याशिवाय इतर कोणाच्या पत्रात जसाच्या तसा बसणार नाही. ‘दुर्दैवाने’ काढले आहे, कारण निर्णय आपण घेतला आहे, दैवाने नव्हे. ‘नक्की संपर्क साधू’च्या जागी ‘नव्याने अर्ज करता येईल’ आले आहे, म्हणजे पुढची हालचाल कोणी करायची हे उमेदवाराला कळते. मात्र आपण त्याला पुन्हा घेणारच नाही असे मुलाखत मंडळाचे ठाम मत असेल, तर हे वाक्यही काढावे. आणि शेवटचे वाक्य लिहिले असेल, तर उत्तर न स्वीकारणाऱ्या पत्त्यावरून ते पत्र पाठवू नये.

कारण लिहिलं की माणूस कोर्टात जातो, असं सगळेच सांगतात. मग कारण द्यायचंच नाही का?

‘सगळे’ म्हणजे कोण, हे कोणी सांगत नाही. कारण लिहिल्यामुळे वाद होतो असे नाही. खोटे, सैल किंवा भेदभावाचा वास येणारे कारण लिहिल्यामुळे होतो. ‘आमच्या वातावरणाशी जुळणार नाही’, ‘जरा अबोल वाटलात’, ‘तरुण चमू हवा आहे’ ही वाक्ये लिहूही नयेत आणि फोनवर बोलूही नयेत. ‘पद रद्द झाले’ असे कळवून आठवड्याभरात त्याच पदाची जाहिरात पुन्हा देणाऱ्या कार्यालयांविषयी तर काही न लिहिलेलेच बरे.

कारण द्यायचे असेल तर ते जाहिरातीतील अटीशी जोडलेले असावे आणि मुलाखतीच्या गुणपत्रकात निर्णयापूर्वीच नोंदवलेले असावे. उदाहरणार्थ, ‘या पदासाठी निर्यातीची कागदपत्रे हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव आवश्यक होता, आपला अनुभव देशांतर्गत विक्रीचा आहे.’ एवढे पुरे. निवडलेल्या उमेदवाराशी तुलना नको, कारण त्या व्यक्तीची माहिती तिसऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. गुणपत्रकच भरलेले नसेल, तर नंतर आठवून कारण रचण्यापेक्षा ते न दिलेले चांगले. काही पदांच्या आणि काही देशांच्या बाबतीत कारण देणे बंधनकारकही असू शकते. म्हणून, आणि विशेषतः उमेदवाराने पक्षपाताची तक्रार आधीच केली असेल तर, पत्र पाठवण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.

पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने अजून होकार दिलेला नाही. दुसऱ्याला नकार पाठवू की थांबू?

नकार पाठवू नये, कारण तसा निर्णय झालेलाच नाही. पण गप्पही बसू नये. ‘निवड अद्याप पूर्ण झालेली नाही. निर्णय २० तारखेपर्यंत आपल्याला कळवू’ असे लिहावे आणि ती तारीख पहिल्या उमेदवाराला दिलेल्या मुदतीच्या एक-दोन दिवस पुढची ठेवावी. प्रतीक्षायादीत नाव असल्याचे सांगायचे की नाही, हे वरिष्ठांना विचारून ठरवावे. सांगितलेच तर ‘शक्यता चांगली आहे’ अशी पुस्ती जोडू नये. लेखी होकार आला की दुसऱ्याला त्याच दिवशी कळवावे. पहिला उमेदवार प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत, म्हणजे त्याची नोटिशीची मुदत संपेपर्यंत, दुसऱ्याला अधांतरी ठेवण्याची पद्धत मी पाहिली आहे. त्यात एका माणसाचे दोन-तीन महिने सहज जातात. आणि ज्यांचा विचार होणारच नाही हे ठरले आहे, त्यांना २० तारखेची वाट पाहायला लावण्याचे काहीच कारण नाही.

फोन करावा की ईमेल?

शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्यांना फोन आणि त्याच दिवशी ईमेल, इतरांना केवळ ईमेल. फोनवर ‘बोलायला दोन मिनिटे आहेत ना?’ असे हसत विचारून मग नकार देऊ नये, कारण त्या दोन सेकंदांत समोरचा माणूस आनंदाची बातमी ऐकायला सरसावलेला असतो. नाव सांगावे, पद सांगावे आणि लगेच निर्णय सांगावा.

आम्ही तयार नकारपत्रांचा संच विकत घेतला आहे. त्यात शेवटी उमेदवाराला सवलतीत प्रशिक्षण वर्ग सुचवणारा परिच्छेदही आहे. वापरावा का?

तो परिच्छेद आजच काढून टाकावा. नकार देता देता गिऱ्हाईक शोधणे अशोभनीय आहे, आणि वर्ग केला की निवड होईल असा त्यातून निघणारा अर्थ खोटे आश्वासनच ठरतो. उरलेला साचा वापरायचा असेल, तर पाठवण्यापूर्वी प्रत्येक पत्रातील नाव, पद आणि मुलाखतीची तारीख एका माणसाने डोळ्यांनी तपासावी. ‘प्रिय उमेदवाराचे नाव,’ असा मायना असलेले पत्र माझ्याकडे एका वाचकाने पाठवले आहे.

मुलाखतीला तीन आठवडे झाले, कळवायचं राहूनच गेलं. आता पाठवलं तर विचित्र दिसेल ना?

दिसेल, आणि उद्या पाठवलेत तर आणखी विचित्र दिसेल, म्हणून आजच पाठवावे. ‘हे कळवण्यास तीन आठवडे उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व’ हे एक वाक्य निकालानंतर घालावे, आधी नाही. ‘अंतर्गत प्रक्रियेमुळे’ अशी सारवासारव करू नये. दरम्यान उमेदवाराने विचारणा केलेली असेल, तर नवे पत्र न लिहिता त्याच्याच ईमेलला उत्तर द्यावे, म्हणजे आपण ती वाचली आहे एवढे तरी त्याला दिसेल.