वनाच्छादन आणि वनक्षेत्र: एकच का?

प्रश्न: "एका बातमीत रत्नागिरी जिल्ह्यात निम्मं जंगल आहे असं आलंय, दुसरीकडे वाचलं की तिथे वनजमीन अगदी थोडी आहे. वनाच्छादन आणि वनक्षेत्र हे समानार्थी शब्द नाहीत का?"

नाहीत, आणि दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. आच्छादन म्हणजे पांघरूण, शेतात पाचटाचं आच्छादन करतात तसंच, म्हणजे वरून बघितलं तर जमीन कशाने झाकलीय एवढंच त्यात येतं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या फोटोंवरून हेच मोजते. किमान १ हेक्टरचा सलग तुकडा आणि त्यातली १० टक्के किंवा जास्त जमीन झाडांच्या माथ्याखाली असली की ते वनाच्छादन, मग जमीन कोणाचीही असो. त्यामुळे कोकणातली खाजगी काजूची बाग, आंब्याची बाग पण त्यात धरली जाते. रत्नागिरीत बहुतेक झाडोरा खाजगी जमिनीवरच आहे, म्हणून तिथे हा आकडा एवढा फुगतो.

वनक्षेत्र मात्र कागदावरचं. क्षेत्र हा महसुलातला शब्द, सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये लिहितात तो. राखीव वन, संरक्षित वन अशी सरकारदरबारी ज्या जमिनीची नोंद आहे ती वनक्षेत्र, मग तिथे आज एकही झाड नसेना का. आता समजा २ हेक्टरची काजूची बाग आहे आणि शेजारी २ हेक्टर राखीव वन आहे ज्यात नुसता कातळ आणि गवत आहे, तर उपग्रहाच्या हिशोबात बाग २ आणि वन शून्य, रेकॉर्डच्या हिशोबात बरोबर उलटं. बेरीज दोन्हीकडे २ च येते आणि जागा मात्र एकही सारखी नाही! म्हणून नुसते आकडे जुळले म्हणून खूश होऊ नये, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवूनच बघावं लागतं.

उपग्रहाचंही चुकतं बरं का. फोटोतला एक ठिपका साधारण साडेतेवीस मीटरचा, म्हणजे १ हेक्टरमध्ये जेमतेम १८ ठिपके, त्यामुळे कोवळं रोपवन दिसत नाही आणि जंगलाला लागून असलेला ऊस किंवा घाणेरीची झुडपं कधीकधी झाडांत मिसळून जातात. फोटो ऑक्टोबर ते डिसेंबरचे घेतात कारण नंतर सागासारख्या झाडांची पानं गळतात.

लिहिताना क्रियापदावर लक्ष ठेवा. झाडं तोडली तर वनाच्छादन घटतं, वनक्षेत्र तेवढंच राहतं, ते कमी व्हायला सरकारी अधिसूचना लागते. "वृक्षतोडीमुळे वनक्षेत्र घटलं" हे वाक्य म्हणूनच मला फार खटकतं. आणि शेतीच्या आकडेवारीत "वनाखालील क्षेत्र" असा रकाना असतो, तो वाचून झाडांखालची जमीन वाटते पण तीही रेकॉर्डवरचीच असते, तेव्हा वनाच्छादनाच्या जागी तो आकडा उचलू नका.