नवरा-बायकोत आवाज न चढवता भांडण झालं, की अबोला मोडायला पहिलं वाक्य काय बोलावं?

हातातल्या कामाबद्दल बोलावं. आमच्याकडे परवा रात्री झालं ते सांगतो.

भाऊबीजेला नाशिकला येतो, असं मी ताईला फोनवर कबूल करून बसलो, हिला न विचारता. ही एवढंच म्हणाली, "ठरलंच आहे तर मला कशाला सांगतोस?" आणि आत गेली. मी गॅलरीत. गॅसवर दूध होतं, ते दोघांच्याही डोक्यातून गेलं. वास आला तोवर निम्मं उतू गेलेलं, तळ काळा.

साडेअकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी बाई येणार नव्हत्या. मी घासायला, ती विसळायला. बराच वेळ फक्त नळाचा आवाज. 'गॅस कुणी लावला होता?' हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं हे फार बरं झालं. तेच पहिलं वाक्य झालं असतं, तर ती रात्र तिथेच संपली असती. मी तारेची घासणी उचलली.

"तारेनं नको. चरे पडतात, मग रोज दूध लागतं."

"मग काय करू?"

"करपलेलं बुडेल एवढं पाणी घाल, दोन चमचे खायचा सोडा. दहा मिनिटं उकळू दे, मग लाकडी उलथन्यानं खरवड."

ती दहा मिनिटं आम्ही ओट्याशी शेजारी-शेजारी उभे होतो, दोघांची नजर पातेल्यात. समोरासमोर बसून मला हे बोलता आलं नसतं.

"चुकलं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं."

"जायला माझी ना नाही रे. पण दादा वर्षातून एकदा येतो ओवाळून घ्यायला. त्यानं त्या दिवशी कुणाकडे जायचं?"

मी ताईचा भाऊ आहे एवढं मला आठवलं होतं. ही कुणाची तरी बहीण आहे, हे सुचलंच नव्हतं.

"दादाला सकाळीच बोलावू. जेवून निघू. ताई रात्री ओवाळेल."

"आधी ताईंना विचार. त्यांचंही परस्पर ठरवू नकोस."

"सकाळी करतो फोन."

सोडा उकळून काळे पापुद्रे सुटायला लागले. मी खरवडत होतो. बाहेरून ओघळून वाळलेलं दूध ती काथ्यानं काढत होती. मध्येच थांबली. काठाखाली कोरलेली अक्षरं उघडी पडत होती.

"वाच."

"'लग्नानिमित्त सप्रेम भेट, ताईकडून.'"

"सकाळच्या फोनवर हे मात्र सांगू नकोस," ती म्हणाली. ओठ घट्ट दाबून धरले होते तिनं, तरी हसू फुटलंच.